२७ दिवस की २९? सुट्ट्यांच्या यादीने घातलेला घोळ

आमच्याकडून एका कंपनीत दोन टेम्पो रोजाच्या भाड्यावर जातात. १ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर २०२४ चं बिल त्यांच्या अकाउंट्सने तीनदा परत पाठवलं. शेरा एकच: "दिवस चुकले." किती चुकले, कुठे चुकले, हे कोणी सांगेना. त्याचा राग मला अजून आहे.

दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजणारं एक्सेलचं सूत्र साधं होतं. ए रकान्यात सुरुवातीची तारीख, बी रकान्यात शेवटची.

```
=NETWORKDAYS(A2,B2,$D$2:$D$5)
```

डी रकान्यात त्यांनीच पाठवलेल्या चार सुट्ट्या: गांधी जयंती, दसरा, लक्ष्मीपूजन आणि पाडवा. उत्तर यायचं २९. यादी काढून टाकली तरी २९! म्हणजे एकही सुट्टी वजा होत नव्हती, आणि एररही येत नव्हती.

मग मी चार सुट्ट्या हाताने वजा करून २५ चं बिल पाठवलं. तेही परत आलं, कारण दसरा १२ ऑक्टोबरला आणि पाडवा २ नोव्हेंबरला होता. दोन्ही दिवस शनिवार, आणि शनिवार-रविवार सूत्र आधीच सोडून देतं. वजा व्हायच्या त्या फक्त दोन सुट्ट्या, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर. खरा आकडा २७.

संध्याकाळी सगळे गेल्यावर डी रकाना निवडून तारखेचा फॉरमॅट बदलला, महिना अक्षरात दिसेल असा. 02/10/2024 च्या जागी 10-Feb-2024 उभं राहिलं. दसरा गेला होता १० डिसेंबरला, लक्ष्मीपूजन ११ जानेवारीला. माझ्या कॉम्प्युटरवर तारीख अमेरिकन पद्धतीची, महिना आधी, आणि यादी मी त्यांच्या पीडीएफमधून तशीच चिकटवली होती. चारही तारखांत दिवसाचा आकडा बारा किंवा त्याखालचा, त्यामुळे महिना म्हणून बिनबोभाट खपला. सुरुवात आणि शेवट मी महिन्याचं नाव लिहून टाकले होते, म्हणून ते शाबूत राहिले.

विंडोजची सेटिंग बदलून आधीच्या तारखा सुधारत नाहीत. शेजारच्या ई रकान्यात हे लिहून खाली ओढलं, आणि मूळ सूत्रात यादी म्हणून तो रकाना दिला.

```
=DATE(YEAR(D2),DAY(D2),MONTH(D2))
```

लगेच २७ आलं. मी खुर्चीतून उठून पाणी प्यायलो.

यादीच्या पत्त्यातले डॉलर मात्र काढू नका. सूत्र खाली ओढताना यादी सरकते आणि वरच्या सुट्ट्या गळतात. सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही दिवस मोजले जातात, हेही ध्यानात असू द्या.

ज्यांच्याकडे फक्त रविवारी सुट्टी असते, त्यांना वेगळं सूत्र लागतं.

```
=NETWORKDAYS.INTL(A2,B2,"0000001",$E$2:$E$5)
```

सात आकडे सोमवारपासून, १ म्हणजे सुट्टी. याच तारखांना ३० येतात, कारण इथे दसरा आणि पाडवाही वजा होतात.

चौथ्यांदा बिल पाठवताना चारही सुट्ट्या वारासकट खाली छापल्या. ते परत आलं नाही.