आजोबांचा परिच्छेद

कोल्हापुरी चपलांचं दुकान असलेल्या एका दादांच्या माहितीपत्रकाचं संपादन मी केलं. शेवटचं प्रूफ बघून त्यांचा फोन आला, "ताई, आजोबांचा परिच्छेद कुठं गेला?" फोनवर मला धड सांगता आलं नाही. रात्री पत्र लिहिलं:

"नमस्कार दादा,

परिच्छेद वाईट होता म्हणून काढलेला नाही. पहाटे सालीच्या पाण्यातून कातडं उपसणारे आजोबा, त्यांच्या बोटांचा कधीच न गेलेला रंग... एवढं जिवंत बाकीच्या पत्रकात काहीच नाही.

पण ए-फोर कागदाला दोन घड्या घालून तीन पानं केली की एक पान जेमतेम ९९ मिलिमीटर रुंद होतं. आत दुमडायचं पान त्याहून दोनेक मिलिमीटर कमी ठेवावं लागतं, नाहीतर घडी फुगते. तुमचा परिच्छेद त्याच पानावर होता. फोटो आणि मथळा सोडून ११ पॉइंटात तिथं सव्वाशेच्या आत शब्द बसतात. परिच्छेद ११८ शब्दांचा. तो ठेवला तर चपलेची निगा कशी राखायची, हे बाहेर जातं.

पावसाळ्यातल्या तक्रारी तुम्हीच मला सांगितल्यात. चप्पल भिजली, गिऱ्हाइकानं उन्हात टाकली, तळ वाकला. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं पाणी पितं आणि उन्हात झटकन वाळलं की आकसून ताठ होतं. सावलीत वाळवून तेलाचा हात फिरवायचा, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? पत्रकानंच सांगायला हवं.

छापखानावाले म्हणाले, 'आठ पॉइंटात दोन्ही बसवतो.' त्यांच्याकडं सगळंच बसतं, वाचता येईल का हे कुणी बघत नाही. तुम्ही निवडलेल्या खरबरीत कागदावर मी नमुना काढून घेतला. शाई पसरली. 'सर्वांत'मधला रफार आणि अनुस्वार मिळून एक ठिपका झाला, 'घ' आणि 'ध' ओळखू येईनात. तुमच्या आईंनाच तो वाचता आला नसता.

'ही चप्पल कोल्हापूरशिवाय कुठंच होत नाही' हे वाक्य मात्र जागा असती तरी काढलं असतं. २०१९ सालचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. निपाणीचं गिऱ्हाईक तुमच्या दुकानात येतं, त्याला हे ठाऊक असतं.

फोटोखाली एक ओळ ठेवलीय, तुमच्याच शब्दांतून: 'ही बोटं आमच्या आजोबांची. सालीचा रंग शेवटपर्यंत गेला नाही.'"

"बरं, छापा," एवढंच उत्तर आलं. गठ्ठे आल्यावर दादा स्वतः एक प्रत घेऊन घरी आले. बराच वेळ फोटो बघत बसले. "ओळ चांगलीय ताई. पण पहाट राहिली."

पहाट बसली असती. 'पहाटे सालीच्या पाण्यात बुडणारी ही बोटं आमच्या आजोबांची.' लांबी जवळपास तेवढीच. मला ते त्या रात्री सुचलं नाही.