आजोबांचा भांग

दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात तसबिरीसाठी फोटो घेऊन येणाऱ्यांना बहुतेक वेळा घाईच असते. त्या दिवशीही तेरावा दोन दिवसांवर होता. नातू मोबाइलमध्ये आजोबांचा फोटो घेऊन आला, सोबत त्याची आई आणि आजी. खुर्चीत बसलेले, प्रसन्न हसणारे आजोबा. फोटो सुरेखच होता. पण आजी स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "ह्यांचा भांग डावीकडून असायचा. जन्मभर. हे कोणी दुसरेच वाटतात."

नातवाने लगेच उपाय सांगितला, "दादा, आरशासारखा उलटा झाला असेल, अख्खा फोटो फिरवा." अशा वेळी मी आधी शर्ट बघतो. खिसा आजोबांच्या डाव्या छातीवरच होता आणि गुंड्यांची पट्टीही पुरुषांच्या शर्टाला असते तशीच. म्हणजे फोटो सुलटाच होता. तो फिरवला असता तर भांग जागेवर आला असता, पण खिसा उजवीकडे गेला असता आणि गालावरचा तीळही. तीळ आजींच्या नजरेतून सुटला नसता. तेव्हा फक्त केस फिरवायचे ठरलं.

पहिल्यांदा मी घाईत फोटोशॉपमधला सरधोपट मार्ग धरला. केसांचं सिलेक्शन, वेगळा लेअर, Flip Horizontal, कडांवर मास्क. वीस मिनिटांत झालं, आणि नातू म्हणाला, "विग लावल्यासारखं दिसतंय." मुलाची नजर चांगली होती. आजोबांच्या उजव्या हाताला खिडकी होती. त्या बाजूचा गाल उजळ, नाकाची सावली दुसरीकडे. मुळात भांग खिडकीच्या बाजूला होता, त्यामुळे तिथले केस चकाकत होते. ते उचलून सावलीच्या बाजूला ठेवल्यावर चकाकीही सोबत गेली. चेहऱ्याला एकीकडून ऊन आणि डोक्याला दुसरीकडून.

मग त्यांना चहा सांगितला आणि नीट कामाला बसलो. मूळ फोटोच्या दोन प्रती केल्या. खालच्या प्रतीला Gaussian Blur दिला, इतकाच की केसांच्या बटा विरघळून नुसते उजेड-अंधाराचे ढग उरावेत. या फोटोला चौदा पिक्सेल पुरले. वरच्या प्रतीतून Apply Image वापरून तो धूसर भाग वजा केला (Subtract, Scale 2, Offset 128) आणि तिचा मोड Linear Light ठेवला. दोन्ही मिळून फोटो जसाच्या तसा दिसतो, पण आता केसांचा पोत वर आणि प्रकाश खाली असे दोन वेगळे होतात. मी फक्त पोत उलटा केला. प्रकाश जागचा हलवला नाही. डोक्याचा गोल तोच, खिडकी तीच, मग उजेड का हलवायचा?

तरी दोन गोष्टी अडल्या. भांगाची रेघ उजळ दिसते ती टाळूच्या कातडीमुळे, उजेडामुळे नव्हे. पांढऱ्या केसांतही ती गुलाबी रेघ धूसर लेअरमध्ये जुन्या जागी राहिलीच होती. ती शेजारच्या केसांच्या रंगाने झाकली आणि नवी रेघ सावलीच्या बाजूला रंगवली, मुद्दाम मंद. तिथे खिडकीचा उजेड पोचत नाही, ती चमकली तर सगळं फसतं. दुसरी अडचण कपाळाची. एक बट कपाळावर उतरली होती, तिची सावलीही. बट दुसरीकडे गेल्यावर जुनी सावली पुसून उघडी पडलेली कातडी हीलिंग ब्रशने भरली, आणि नव्या बटेखाली Multiply लेअरवर मऊ ब्रशने सावली दिली, खिडकीपासून लांबच्या अंगाला. कानाजवळचे कल्ले मात्र फिरवले नाहीत. सावलीकडच्या कडेला उलटून आलेले चारदोन चमकते केस काढून टाकले, कारण इतक्या बारीक बटांचा उजेड पोतासोबतच फिरतो. आजोबा जवळजवळ समोर बघत होते म्हणून हे जमलं. मान बरीच वळलेली असती तर मी दुसरा फोटो मागितला असता.

शेवटी फोटो काळा-पांढरा करून, अंगठ्याएवढा छोटा करून पाहिला. रंग गेले की चुकीचा उजेड चटकन दिसतो. कुठे खटकलं नाही.

बारा बाय अठराची प्रिंट हातात घेऊन आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हां. हे."

पैसे देताना सूनबाई माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी बाबांचे केस मीच विंचरले होते, भाऊ. समोर उभी राहून. माझी डावी बाजू धरली."

प्रिंट गुंडाळून दिली.