गोलातला बाण

वॉशिंग मशीन भिंतीपासून ओढून काढलं होतं आणि मी त्याच्या मागे, भिंत आणि पाइप यांच्या बेचक्यात, अर्धा वाकून उभा होतो. दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं, "मागे पट्टी असेल, तिच्यावर मॉडेल नंबर आहे. त्याचा फोटो टाका, म्हणजे कुठला पार्ट आणायचा ते कळेल." पट्टी सापडली. धूळ पुसली. कॅमेरा उघडून बटण दाबलं, तर फोनने कळवलं की जागा शिल्लक नाही. एका फोटोपुरतीसुद्धा! शेवटी तो लांबलचक नंबर मी मशीनमागून ओरडून सांगितला आणि बायकोने एका जुन्या पाकिटावर लिहून घेतला. त्यातला एक आकडा चुकला, आणि पार्टही.

मला याचं नवल वाटलं, कारण मी फोटो काढणारा माणूस नाही. फोन 64 जीबीचा, घेऊन 13 महिने झालेले. माझे स्वतःचे फोटो जेमतेम 4 जीबी भरले. आणि व्हॉट्सॲप? 23 जीबी. म्हणजे मी लिहितो त्या चार ओळी आणि दोन अंगठे एवढ्या ऐवजाला 23 जीबी. लिहिलेला मजकूर इतकी जागा खात नाही. शंभर पानी पुस्तकातली अक्षरं एका फोटोएवढ्या जागेत मावतात. मग हे बाकीचं कुणाचं?

त्याचा हिशेब व्हॉट्सॲपमध्येच मिळतो. Settings मध्ये Storage and data, तिथे Manage storage. खाली सगळ्या गप्पांची यादी येते, सर्वांत जड ती सगळ्यात वर. माझ्या यादीत वर्गमित्रांचा ग्रुप पहिला आला, 11 जीबी. मग घरच्यांचा, 6. इमारतीतल्या रहिवाशांचा, 3. उरलेल्या सगळ्या जगाने मिळून 3. ज्या मित्राशी मी रोज बोलतो तो यादीत इतका खाली होता की सापडेना. आम्ही बोलतो ना, एकमेकांना काही पाठवत नाही.

पाकिटाच्या मागच्या बाजूला मी वर्गमित्रांचा हिशेब मांडला. रोज साधारण 20 फोटो येतात. व्हॉट्सॲप फोटो दाबून पाठवतं, त्यामुळे एक सरासरी 200 केबीचा धरू. झाले 4 एमबी. फार नाही. रोज तीन व्हिडिओ, मिनिटभराचे, प्रत्येकी 8 एमबी. झाले 24. दिवसाला 28 एमबी, 13 महिन्यांत 11 जीबी. आकडा बरोबर जुळला तेव्हा आनंदच झाला, आपलीच चोरी आपणच पकडल्याचा. पण त्याहून महत्त्वाचं होतं ते प्रमाण. सकाळच्या त्या फुलांना आणि दवबिंदूंना मी इतके दिवस मनातल्या मनात शिव्या घालत होतो. ती बिचारी सातव्या हिश्श्याची धनी होती. बाकी सगळं व्हिडिओंचं. एका व्हिडिओच्या जागेत 40 फुलं मावतात.

यावर मी आधीच एक इलाज करून बसलो होतो, आणि तो चुकीचा होता, हे आता लक्षात आलं. काही महिन्यांपूर्वी गॅलरी उघडली की आपले चार फोटो शोधायला लोकांचे चारशे ओलांडावे लागायचे. तेव्हा Media visibility नावाचं एक बटण मी बंद केलं. गॅलरी स्वच्छ दिसू लागली आणि प्रश्न मिटला असं मी समजलो. पण ते बटण फक्त पडदा ओढतं. व्हिडिओ येतच राहतात, फोनमध्ये उतरतच राहतात, गॅलरीला तेवढे दिसत नाहीत. पसारा पलंगाखाली सारून खोली आवरली म्हणावं, तसं. उलट दिसेनासे झाल्यामुळे मी अधूनमधून जे चार-दोन पुसत होतो तेही बंद झालं. आयफोनवर याचा भाऊबंद आहे, Save to Photos. ते सुरू असेल तर आलेली गोष्ट व्हॉट्सॲपमध्ये राहतेच, शिवाय तिची एक प्रत फोटोंमध्येही जाते. ते बंद केलं तर निदान दुसरी प्रत वाचते, पहिली नाही.

खरं दार दुसरीकडे आहे. त्याच Storage and data मध्ये Media auto-download अशी जागा आहे आणि तिथे तीन ओळी आहेत: When using mobile data, When connected on Wi-Fi, When roaming. प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं की चार चौकोन उघडतात, फोटो, ऑडिओ, व्हिडिओ आणि डॉक्युमेंट. ज्यात खूण असेल ते न विचारता उतरतं. मी तिथे कधी गेलोच नव्हतो, त्यामुळे फोनवर मुळातली मांडणी जशीच्या तशी होती. मोबाइल डेटावर फक्त फोटो, रोमिंगमध्ये काही नाही, आणि वाय-फायवर सगळं.

ही मांडणी मी बराच वेळ बघत बसलो. तिच्यात एक विचार आहे आणि तो चुकीचा नाही. मोबाइल डेटा मोजून मिळतो, रोमिंगमध्ये तर फारच मोजून, म्हणून तिथे हात आखडता. वाय-फाय घरचं, म्हणून तिथे मुभा. पण यात राखण होते ती डेटाची. जागेची नाही. फोनमधली जागा मोबाइल डेटावरही तेवढीच असते आणि वाय-फायवरही तेवढीच. 8 एमबीचा व्हिडिओ कुठल्या रस्त्याने आला यावरून त्याचं आकारमान बदलत नाही. आणि माझ्यासारखा माणूस दिवसातले चौदा-पंधरा तास घरात, वाय-फायच्या छायेत. मी झोपतो तेव्हा फोन उशाशी चार्ज होत असतो, आणि तिकडे कुणाला तरी झोप येत नसते म्हणून तो आठ व्हिडिओ पाठवतो. सकाळी ते सगळे उतरून तयार. "वाय-फायवर आहे, काय फरक पडतो" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं, आणि माझा फोन नेमका त्याच वाक्याने भरला होता.

म्हणून मी वाय-फायच्या ओळीतली व्हिडिओवरची खूण काढली. मग उत्साहाच्या भरात तिन्ही ओळींतल्या सगळ्याच खुणा काढल्या. असं केलं तरी व्हॉइस मेसेज उतरतच राहतात, ते या नियमाच्या बाहेर आहेत. पण ते किरकोळ असतात आणि ते लगेच ऐकू यायला हवेतही. आयफोनवर हीच मांडणी उलट्या बाजूने आहे. तिथे आधी प्रकार निवडायचा आणि मग त्याला कधीच नको, फक्त वाय-फाय, की दोन्ही ते ठरवायचं. अर्थ एकच.

उत्साह चार दिवस टिकला. एका मित्राने त्याच्या नव्या ऑफिसकडे यायचा हाताने काढलेला नकाशा पाठवला होता. मी सकाळी संदेश आल्याचं पाहिलं, अंगठा दाखवला आणि निघालो. त्या इमारतीच्या तळघरात गाडी लावली, नकाशा उघडला, तर समोर धुकं आणि धुक्याच्या मध्यावर गोलातला बाण. खाली लिहिलेलं, 140 केबी. तळघरात रेंज नव्हती. 140 केबीसाठी मी दोन मजले जिने चढून वर आलो. त्या दिवशी फोटोची खूण मोबाइल डेटावर आणि वाय-फायवर परत लावली. पाकिटावरचा हिशेब तेच सांगत होता: फोटो दिवसाला 4 एमबी, ते येऊ देत. अडवायचे ते व्हिडिओ. डॉक्युमेंटचंही मी बंदच ठेवलं आहे, कारण तिथे एकच फाइल 2 जीबीपर्यंत असू शकते.

बाणाचं दुसरं एक दुखणं आहे. जे उतरवलं नाही ते पलीकडे कायम थांबून राहत नाही. बऱ्याच आठवड्यांनी जुन्या बाणावर बोट ठेवलं की कधीकधी फाइल मिळत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, असं उत्तर येतं. म्हणून जे हवंसं वाटतं त्यावर त्याच आठवड्यात बोट ठेवायचं. टेलिग्राममध्ये ही भीती कमी, कारण तिथे साध्या गप्पा आणि ग्रुपमधली मूळ प्रत त्यांच्याकडेच राहते. फोनवरची पुसली तरी पुन्हा मागवता येते. शिवाय नेटवर्कच्या प्रत्येक ओळीत त्यांनी आणखी बारकावा ठेवला आहे: ओळखीच्यांचं उतरव, ग्रुपचं नको, चॅनेलचं नको, आणि इतक्या एमबीच्या वरचं कुणाचंच नको. व्हॉट्सॲपमध्ये माझ्या फोनवर सगळ्यांना एकच कायदा आहे. बहिणीने पाठवलेला व्हिडिओ आणि वर्गमित्राचा तिसऱ्या हाताने आलेला व्हिडिओ, दोघेही बाणापलीकडे रांगेत. हे मला अजून पटलेलं नाही.

नियम लावल्याने जुनं काही हललं नाही, हेही सांगायला हवं. 23 जीबी तसेच होते. ते Manage storage मध्ये बसून काढावे लागले. तिथे वरच दोन गठ्ठे बांधून ठेवलेले असतात, Larger than 5 MB आणि Forwarded many times. दुसरा गठ्ठा मी डोळे मिटून पुसला. पहिला बघत बघत, कारण त्यात घरच्या ग्रुपमधले दोन-तीन व्हिडिओ असे निघाले की ते आधी कॉम्प्युटरवर हलवावे लागले. आणखी एक शोध लागला, जरा लाजिरवाणा. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या फोल्डरात Sent नावाचा एक कप्पा असतो. आपण पाठवलेल्या फोटो-व्हिडिओंच्या प्रती त्यात साठतात. माझ्या कप्प्यात दीड जीबी होते. म्हणजे लोकांच्या फोनमध्ये मीही थोडाफार राहतोच आहे.

संध्याकाळभराच्या या साफसफाईनंतर व्हॉट्सॲप 5 जीबीवर आलं. महिन्याने पाहिलं, 5.3. पूर्वी एकटा वर्गमित्रांचा ग्रुप महिन्याला आठशे एमबीच्या वर जायचा.

आता व्हिडिओ आला की धुकं दिसतं, बाण दिसतो आणि शेजारी त्याचं वजन. 8.4 एमबी. 11 एमबी. एकदा 46. पूर्वी हे आकडे मला कधी दिसलेच नव्हते, कारण माल आधीच आत आलेला असायचा. आत्याचा फोन येतो, "अरे, मी पाठवलेला व्हिडिओ पाहिलास का?"

"पाहतोय आत्या," मी म्हणतो, आणि बोलता बोलता बाणावर बोट ठेवतो. गोल हळूहळू भरत जातो तोवर तीच मला सांगते की त्यात एक मांजर आहे आणि ते शेवटी काय करतं.