बंद पडलेला फोन नेटफ्लिक्सच्या डाउनलोड यादीतून कसा काढला

मागच्या महिन्यात कोल्हापूरहून रत्नागिरीला जायचं होतं, आत्याकडं. आमच्या धाकट्याला गाडी लागते, मोबाईलवर काहीतरी लावून दिलं की तो शांत असतो, पण मलकापूर सोडलं आणि आंबा घाट लागला की आमच्या सिमला रेंज धड मिळत नाही, म्हणून आदल्या रात्रीच त्याची कार्टून माझ्या नवीन फोनवर डाउनलोड करून ठेवूया म्हटलं. डाउनलोडचं बटण दाबलं तर मेसेज आला की डाउनलोड जास्त डिव्हाइसवर आहेत, आधी एखादं काढा.

आमचा प्लॅन स्टँडर्ड, त्यात डाउनलोड 2 डिव्हाइसवर ठेवता येतात, प्रीमियमला 6 चालतात. मला वाटलं आपल्या घरात दोनच तर फोन आहेत, माझा आणि ह्यांचा. मग ध्यानात आलं की माझा जुना फोन अजून मोजला जातोय. तो गणपतीत हातातून फरशीवर पडला, डिस्प्ले काळा झाला, दुकानवाल्यानं सांगितलेला खर्च ऐकून तो तसाच कपाटात ठेवला होता. त्यात कार्टूनचे दहाबारा भाग डाउनलोड केलेले होते. फोन चालू असता तर त्यातूनच ते काढून टाकले असते, पण स्क्रीनच दिसत नाही तर काढणार कुठून.

मग अकाउंटमधूनच काढायला पाहिजे हे कळलं, आणि इथंच माझा पाऊण तास गेला. सेटिंगमध्ये डिव्हाइसच्या दोन वेगवेगळ्या याद्या आहेत आणि मी आधी चुकीच्या यादीत शिरले. Access and devices असं लिहिलेलं दिसलं, तिथं टीव्ही होता, ह्यांचा फोन होता, माझा नवीन फोन होता, जुना मात्र कुठंच नाही. वर खाली चार वेळा बघितलं. ती यादी अलीकडं कुठून कुठून अकाउंट वापरलं त्याची, आणि आमचा फोन तर कित्येक महिने बंद, मग तो तिथं दिसणार कसा. डाउनलोडचा हिशोब वेगळा ठेवलेला असतो, फोन बंद असला तरी त्याची जागा तशीच अडलेली राहते. एवढी एक गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं, म्हणून लिहायला बसले.

बरोबर रस्ता असा. अ‍ॅपमध्ये शोधत बसू नका, लॅपटॉपवर नाहीतर फोनच्याच ब्राउझरमध्ये netflix.com/account उघडून लॉगिन करा, त्यात Devices मध्ये जा, तिथं Mobile download devices म्हणून ओळ आहे ती उघडा. माझ्या अकाउंटला तिथं दोनच नावं होती आणि प्रत्येकासमोर Remove Device.

आता पुढची अडचण. माझा जुना फोन आणि ह्यांचा फोन एकाच कंपनीचे, यादीतली नावं जवळजवळ सारखी, शेवटच्या दोनतीन अक्षरांचा फरक. ह्यांनी पण ऑफिसच्या प्रवासात बघायला एक अख्खी सिरीज भरून ठेवलेली, चुकून त्यांचा फोन काढला असता तर ती सगळी परत डाउनलोड करावी लागली असती. मी ह्यांना म्हटलं, "अहो, तुमच्या फोनचा मॉडेल नंबर सांगा की जरा." त्यांनी सेटिंगमध्ये About phone उघडून एकेक अक्षर वाचून दाखवलं. तरी माझी खात्री होईना, मग माळ्यावरून जुन्या फोनचा रिकामा खोका काढला, त्याच्या बाजूला पांढरं स्टिकर असतं, त्याच्यावर मॉडेल नंबर बारीक अक्षरात छापलेला होता, ट्यूबलाइटखाली धरून वाचला आणि यादीतल्या वरच्या नावाशी तंतोतंत जुळला. मगच बटण दाबलं. खोके टाकू नका हे सासूबाई का म्हणतात ते त्या रात्री पटलं.

काढल्यावर यादीत एकच नाव उरलं. नवीन फोनवरचं अ‍ॅप एकदा पूर्ण बंद करून परत उघडलं, डाउनलोड दाबलं आणि ह्या वेळी मेसेज न येता निळी रेघ फिरायला लागली. झोपायच्या आधी फोन एरोप्लेन मोडवर टाकून एक भाग खरंच लागतोय का तेही बघितलं, कारण काही काही गोष्टी डाउनलोड झाल्या तरी मुदत संपली की लागत नाहीत, आणि ते घाटात कळून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी साखरपा येईपर्यंत धाकट्याचे तीन भाग बघून झाले होते.