50 H7/k6: टेबल एकच टोक देतं, दुसरं आपण काढायचं

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये शाफ्टवर बसणाऱ्या कपलिंगचं काम आलं. ड्रॉइंगवर एवढंच होतं: 50 H7/k6. म्हणजे मूळ माप ५० मिलिमीटर, H7 कपलिंगच्या भोकासाठी, म्हणजे बोअरसाठी, आणि k6 शाफ्टसाठी. लेथवरच्या माणसाला मिलिमीटरमध्ये दोन मापं लागतात आणि असेंब्लीवाला विचारतो, "हातानं बसंल का ठोकावं लागंल?" दोघांची उत्तरं मी टॉलरन्सच्या टेबलावरून अशी काढली.

पहिली अडचण ओळ निवडण्याची. टेबलात ३० ते ५० अशी एक ओळ आणि ५० ते ८० अशी दुसरी. मग नेमका ५० कुठे बघायचा? ओळीचा अर्थ '३० च्या वर, ५० धरून' असा असतो, म्हणून ५० पहिल्या ओळीत येतो. चुकून खालची ओळ धरली तर H7 मधल्या ७ चा टॉलरन्स, म्हणजे IT7, २५ मायक्रॉनचा ३० होतो आणि k6 मधल्या ६ चा, म्हणजे IT6, १६ मायक्रॉनचा १९. बोअर ५०.०३० पर्यंत पास होतो आणि जो आत जायला नको तो गिऱ्हाइकाचा नो-गो गेज आत जातो. ३० किंवा ८० मापालाही हाच धोका.

बोअरचा हिशोब सोपा आहे. H म्हणजे खालचं टोक बरोबर मूळ मापावर, आणि वर फक्त टॉलरन्स मिळवायचा. H7 साठी २५ मायक्रॉन, म्हणून बोअर ५०.००० ते ५०.०२५.

शाफ्टला दोन टेबलं लागतात. एकातून पट्टा किती रुंद ते कळतं: IT6, १६ मायक्रॉन. दुसऱ्यातून तो पट्टा कुठे बसतो ते: k साठी +२. हे +२ शाफ्टचं कुठलं टोक, यावर सगळं अवलंबून आहे. a पासून h पर्यंतच्या अक्षरांना टेबल वरचं टोक देतं, k पासून पुढे खालचं. म्हणून इथे खालचं टोक +२, वरचं २ + १६ = +१८, आणि शाफ्ट ५०.००२ ते ५०.०१८. हेच g6 असतं तर टेबलातला आकडा −९, पण तो वरच्या टोकाचा. शाफ्ट ४९.९७५ ते ४९.९९१. −९ ला खालचं टोक समजून १६ मिळवले तर शाफ्ट ५०.००७ पर्यंत जातो, आणि सरकायला हवा तो जॉब अडकतो.

आता जोड्या लावायच्या. सगळ्यात मोठा बोअर आणि सगळ्यात बारीक शाफ्ट: २५ − २ = २३ मायक्रॉन क्लिअरन्स. सगळ्यात लहान बोअर आणि सगळ्यात जाड शाफ्ट: ० − १८ = −१८, म्हणजे १८ मायक्रॉन इंटरफिअरन्स. पडताळा असा: दोन्ही उत्तरांतलं अंतर २३ + १८ = ४१ आणि टॉलरन्सची बेरीज २५ + १६ हीसुद्धा ४१. हे जुळलं नाही तर जोडी उलटी लागली आहे. पण या पडताळ्यावर पूर्ण विसंबू नये. वर g6 ची जी चूक सांगितली, तीही ४१ देऊन जाते. तिला पकडायचं तर g चा किमान क्लिअरन्स टेबलातल्या आकड्याइतकाच, म्हणजे ९, यायला हवा हे बघावं.

असेंब्लीवाल्याला उत्तर मिळालं: काही कपलिंगं हातानं जातील, काही हातोड्याच्या हलक्या ठोक्यानं, आणि दोन्ही बरोबर आहेत. k6 ही दोन्हीकडे जाणारी फिट आहे. फिरवण्याचा जोर चावीनं घ्यायचा, या फिटनं फक्त मध्य साधायचा. 'एक ढिलं, एक घट्ट' म्हणून जॉब परत पाठवण्याआधी बोअर आणि शाफ्टची मापं बघावीत.

प्रत्येक जॉब जामच हवा असेल तर लोक पटकन p6 म्हणतात. p चा आकडा +२६, शाफ्ट +२६ ते +४२. इंटरफिअरन्स १ ते ४२ मायक्रॉन. तो १ मायक्रॉन कामाचा नाही, कारण दाबताना पृष्ठभागावरची टोकं चेपली की तो गेलाच. निव्वळ पकडीवर जोर न्यायचा असेल तर मी s6 चा हिशोब करून बघतो: +४३ ते +५९, म्हणजे १८ ते ५९ मायक्रॉन. मात्र कपलिंग बिडाचं आणि भिंत पातळ असेल तर ५९ ला चीर जाण्याची भीती असते, तिथे आधी ताण काढायला हवा.

हे सगळे आकडे २० अंश सेल्सिअस तापमानाचे आहेत. ग्राइंडिंगवरून नुकता उतरलेला शाफ्ट बोअरपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर ५० मिलिमीटरला स्टील साधारण ८ ते ९ मायक्रॉन फुगलेलं असतं. k6 चा पट्टाच १६ चा, त्यातला अर्धा असा जातो. मायक्रोमीटरवर ५०.०१० दाखवणारा शाफ्ट थंड झाल्यावर ५०.००१ वर येतो आणि रिजेक्ट होतो. म्हणून शाफ्ट आणि कपलिंग एकाच टेबलावर थंड होऊ द्यायचे आणि मगच मायक्रोमीटर लावायचा.