स्क्रीनिंग कॉलनंतरची थँक-यू नोट

आज दुपारी रिक्रूटर मॅडमशी स्क्रीनिंग कॉल झाला, कस्टमर सपोर्टच्या टीम लीडच्या जागेसाठी. पंचवीसेक मिनिटं चालला. फोन ठेवल्या ठेवल्या वही ओढली आणि आठवत होतं ते पटापट उतरवून काढलं, नीट वाक्यं वगैरे काही नाही, नुसते तुकडे. कारण तासाभरानं डोक्यात फक्त "कॉल चांगला झाला" एवढंच उरतं, आणि थँक-यू नोटला लागतात ते नेमके मुद्दे.

वहीत आलं ते असं. चॅटची टीम फोनपासून वेगळी करतायत. पहिलं उत्तर लवकर जातं पण तिकिटं, म्हणजे कस्टमरच्या नोंदवलेल्या तक्रारी, परत परत उघडतात. बरेच नवीन लोक येणारेत, त्यांना तयार करणारं कोणी हवंय. शिफ्ट बदलत्या, मी हो म्हणलं. माझा नोटीस पिरियड ६० दिवस, कमी होईल का असं त्यांनी विचारलं, मी विचारून सांगते म्हणलं. पगाराची रेंज सांगून झाली. आधीचे लीड लवकर का गेले तेही त्या ओघात बोलून गेल्या. पुढचा राउंड मॅनेजरबरोबर, गुरुवारपर्यंत कळवतील.

आता हे सगळं नोटमध्ये कोंबायचं नाही. काय घ्यायचं हे ठरवताना मी एकच गोष्ट बघते, ही नोट पुढे कुठे जाणार. मला घ्यायचं की नाही हे रिक्रूटर एकट्या ठरवत नाहीत, त्या कॉलनंतर मॅनेजरला माझ्याबद्दल चार ओळी लिहून देतात, आणि त्या दिवशी त्यांनी माझ्यासारख्याच अजून किती जणांशी बोलणं केलेलं असतं. माझ्या नोटमधलं एखादं वाक्य त्यांना जसंच्या तसं उचलून त्या चार ओळींत टाकता आलं तर नोटचं काम झालं. म्हणून "आपण अमूल्य वेळ दिलात, कंपनीबद्दल ऐकून खूप आनंद झाला" असलं काही मला पटत नाही. ते खरं असतं, नाही असं नाही, पण कंपनीचं नाव बदलून दुसरीकडे पाठवलं तरी चालून जातं, मग मॅनेजरला पुढे पाठवायला त्यात काय आहे?

तर मुद्दा घेतला तो तिकिटं परत उघडण्याचा. तो त्यांनी स्वतःहून काढला होता, दोनदा बोलल्या त्याबद्दल, म्हणजे मॅनेजरनं त्यांना ते मुद्दाम सांगितलं असणार. आणि त्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं खरंच आहे. आमच्या टीममध्ये दिवसाला किती तिकिटं बंद केली हे मोजायचे, मग माणसं पहिलं उत्तर पाठवलं की लगेच तिकीट बंद करून टाकायची, कस्टमरनं उलट काही विचारलं की तेच तिकीट परत उघडायचं. आकडा छान दिसायचा, काम तिथंच. मग आम्ही बंद करण्याआधी "अजून काही अडचण आहे का" हे विचारणं सक्तीचं केलं आणि दर आठवड्याला परत उघडलेली तिकिटं सगळ्यांनी मिळून वाचायला लागलो. कॉलवर हे सगळं सविस्तर सांगून झालंय, नोटमध्ये त्याचं एकच वाक्य पुरे.

नवीन लोकांचा मुद्दा त्यालाच चिकटून येतो, कारण त्या वाचनातूनच नवीन लोक लवकर शिकले. आमच्याकडे नवीन माणूस एकटा तिकिटं घ्यायला ६ आठवड्यांनी तयार व्हायचा, ते ४ वर आलं. हा आकडा नोटमध्ये घालण्याआधी सीव्ही उघडून बघितला, तिथेही हाच आहे. कॉलवर एक, सीव्हीत दुसरा आणि मेलमध्ये तिसरा असं झालं की वाचणारा बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतो.

नोटीस पिरियड घ्यायलाच हवा होता, कारण ते उत्तर माझ्याकडे बाकी आहे. पण शब्द जपून वापरले. "३० दिवसांत येऊ शकते" असं आत्ता लिहून दिलं आणि उद्या इथल्या एचआरनं नाही म्हणलं तर ते लिहिलेलं माझ्यावरच उलटेल, म्हणून फक्त विचारून कधी कळवते ते लिहिलं.

पगार नाही घातला. तो फोनवर बोलून झालाय, आणि ही मेल मॅनेजरकडे पुढे गेली तर त्यांनी माझ्याबद्दल पहिली गोष्ट आकड्याची वाचावी असं मला वाटत नाही. आणि आधीच्या लीडबद्दलचं तर अजिबातच नाही. मॅडमनी विश्वासानं सांगितलं, ते माझ्या नोटमधून लेखी फिरायला लागलं तर त्या अडचणीत येतील.

शेवटी पाठवलं ते हे:

"नमस्कार मॅडम, आज वेळ काढून बोललात त्याबद्दल मनापासून आभार. चॅटची टीम वेगळी होताना तिकिटं परत उघडण्याचा प्रश्न तुम्ही सांगितलात, तो माझ्या ओळखीचा आहे. आमच्या टीममध्ये परत उघडलेली तिकिटं दर आठवड्याला एकत्र वाचायची पद्धत मी सुरू केली, त्यातून तिकीट घाईनं बंद करणं कमी झालं आणि नवीन लोक ६ ऐवजी ४ आठवड्यांत तयार व्हायला लागले. तुमच्याकडे येणाऱ्या नवीन लोकांसोबत असं काम करायला मला आवडेल. नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे, तो कमी होईल का हे आमच्या एचआरला विचारून बुधवारपर्यंत कळवते. मॅनेजरबरोबरच्या राउंडसाठी काही तयारी करून ठेवायची असेल तर नक्की सांगा."

पाच-सहा वाक्यं, मोबाइलवर फार स्क्रोल न करता वाचून होतात. यापेक्षा मोठी झाली की ती नोट राहत नाही, कव्हर लेटर होतं, आणि ते उघडून "नंतर वाचू" म्हणून बाजूला पडतं.

नवीन मेल न काढता कॉलचं निमंत्रण आलं होतं त्याच मेलला रिप्लाय केला. त्यात पदाचं नाव, तारीख, वेळ सगळं आधीच आहे, त्यामुळे मी कोण हे त्यांना शोधत बसायला लागत नाही. संध्याकाळीच पाठवली, म्हणजे त्यांनी अजून मॅनेजरला लिहिलं नसेल तर उपयोग होईल. दोन-तीन दिवसांनी पाठवलेली नोट सभ्य दिसते, पण तोवर त्यांचं टिपण पुढे गेलेलं असतं.

या नोटनं नकाराचा होकार होतो असं मी मानत नाही. त्यांना चॅटचा अनुभवच हवा असेल आणि माझा बराचसा फोनवरचा, तर कितीही छान वाक्य लिहून ते भरून निघणार नाही. उत्तर येईलच असंही नाही, बरेच रिक्रूटर वाचतात आणि पुढच्या कामाला लागतात, त्यावरून काही अर्थ काढायचा नाही हे मी ठरवलंय.

उद्या सकाळी एचआरशी बोलायचंय. ते काय म्हणतात ते बुधवारी याच मेलवर दोन ओळींत कळवीन, आणि गुरुवार उलटून गेला तरी मॅनेजरच्या राउंडचं काही कळलं नाही तर शुक्रवारी तिथेच एकदा विचारीन.