शक्य असल्यास

आगाऊ पैसे मागायचं पत्र आजही गेलं नाही. चार मसुदे झाले. चौथा दादाला वाचायला दिला, तर त्याने फक्त दोन शब्दांवर पेन्सिलीने रेघ मारली आणि काही न बोलता कागद परत ठेवला. शब्द होते ‘शक्य असल्यास’.

दुपारभर त्या रेघेचाच राग येत होता. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, त्यांच्याकडे आगाऊ पैसे मागायचे म्हणजे त्यांच्यावर भरवसा नाही असंच ते म्हणणार. अण्णांनी कधी मागितले नव्हते. पण अण्णांच्या वेळी एवढी ऑर्डरही... जाऊ दे.

मग हिशेब पुन्हा मांडला. स्टँड बाराशे, मापं त्यांच्या ड्रॉइंगची, रंग त्यांचा, पुढच्या पट्टीवर नाव त्यांचं. ऑर्डरची किंमत 100 धरली तर पत्र्याला 38, डायला 7, पावडर कोटिंगला 5. म्हणजे पहिला स्टँड बाहेर पडायच्या आत 50 आपल्या खिशातून गेलेले. काम सहा आठवड्यांचं, त्यावर त्यांची 60 दिवसांची उधारी. पत्रेवाला शंभर दिवस थांबणार नाही. आणि त्यांनी मध्येच ऑर्डर फिरवली तर तो माल दुसऱ्या कुणाला विकताही येत नाही. मागच्या खेपेच्या नाव कोरलेल्या चाळीस पट्ट्या अजून जिन्याखाली पडून आहेत. जाता-येता पायाला लागतात.

हे सगळं पत्रात कुठे होतं? मी लिहिलं होतं ‘आमची सध्याची अडचण लक्षात घेऊन’. अडचण वाचली की परचेसवाल्यांना वाटणार, यांच्याने माल तरी वेळेवर होईल का? ‘शक्य असल्यास’ वाचून अकाउंट्सवाले पत्र बाजूला ठेवणार, कारण तसं लिहिलं की न देणंही चालतं. लाज मला वाटत होती आणि ती मी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवत होते.

संध्याकाळी पाचव्यांदा लिहिलं. ऑर्डरसोबत 50 टक्के, पत्रा, डाय आणि पावडर कोटिंगसाठी. नमुना मंजूर झाल्यावर 20. उरलेले 30 नेहमीच्या मुदतीने. सहा आठवडे आगाऊ रक्कम जमा झाल्या दिवसापासून मोजले जातील, हे वाक्य वेगळ्या ओळीत घेतलं, नाहीतर पैसे महिन्याने येतात आणि तारीख मात्र जुनीच धरली जाते. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस जोडलं, कारण नुसत्या पत्रावर त्यांचं अकाउंट्स पैसे सोडत नाही.

ते बँक गॅरंटी मागतील. 50 चे 40 करा म्हणतील. 40 ला पत्रा येतो, डायचं आपण बघू. त्याखाली मात्र पत्रा मागवायचा नाही, हे दादाशी बोलून ठरवलं.

वाचताना अजूनही छातीत धडधडतंय. सकाळी नऊला पाठवते. ‘कृपया’ ठेवलाय. त्यावर दादाने रेघ मारली नाही.